पेढीवरचे शेठजी आणि वर्गातला पक्या

पेढीवर ज्यांना सारे ‘प्रकाशशेठ’ म्हणतात, असे साठी ओलांडलेले एखादे गृहस्थ चाळीस वर्षांनी शाळासोबत्यांच्या मेळाव्यास जातात. प्रारंभी ‘कसे आहात, सध्या कोठे असता’ अशी सावध विचारपूस होते. तेवढ्यात मागून कोणी ‘अरे पक्या!’ म्हणतो आणि शेठजी तत्क्षणी मागच्या बाकावरचे होतात. मराठीत हा बदल नावापुरता राहत नाही. ‘अरे’ आले की ‘येता का’चे ‘येतोस का’ होते, आणि त्या क्रियापदांत शेठजींचा भारदस्तपणा टिकूच शकत नाही.

वस्तुतः एवढ्या खंडानंतर परकेपणा वाटावयास हवा. माझ्या मते, खंड हेच या जवळिकीचे कारण आहे. दरमहा भेटणाऱ्या मित्राविषयीचे आपले मत त्याच्या वयाबरोबर बदलत जाते; त्याची दुखणी, त्याचे व्यवहार आपण पाहिलेले असतात. दहावीनंतर न भेटलेल्या मित्राच्या खात्यात मात्र नंतरची एकही नोंद नसते. खाते पुन्हा उघडले की शेवटची शिल्लकच पुढे ओढली जाते. दोघांजवळही वागण्याची दुसरी रीत नसते.

ही शिल्लक इतकी वर्षे टिकते कशी? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरी बॅहरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ३९२ माजी विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. शाळा सोडून पंधरा वर्षे झालेल्यांनीही सुमारे ९० टक्के वर्गमित्रांची छायाचित्रे ओळखली. परंतु समोर काहीही न ठेवता केवळ आठवून नावे सांगताना तेच लोक पुष्कळ मागे पडले. म्हणजे स्मृती नष्ट झालेली नसते. तिला बाहेरून खूण लागते. मित्राचा चेहरा, त्याचा आवाज, त्याची हाक हीच ती खूण होय.

म्हणूनच जुना विनोद घरी सांगितला तर सूनबाई सौजन्याने हसतात, एवढेच. गणिताच्या तासाला छत्री कोणी लपवली हे एकाला आठवते, गुरुजी काय म्हणाले हे दुसऱ्याला, आणि तिसऱ्याचे काम तेव्हाही हसण्याचे होते, आजही तेच. तो विनोद तिघांत वाटून ठेवलेला असतो.

परंतु शिल्लक प्रत्येकाची जमेचीच असते असे नाही. वर्गात ज्याला ‘बोबड्या’ किंवा ‘फुकट्या’ म्हणत, त्यालाही तीच जागा पुन्हा दिली जाते. फी माफ होती म्हणून ‘फुकट्या’ ठरलेला मुलगा आज दोन दुकानांचा धनी असला तरी त्या दिवशी तो फुकट्याच. तो इतरांपेक्षा क्षणभर उशिरा हसतो, लवकर निघतो, आणि पुढील वर्षी ‘नेमके त्याच दिवशी लग्न आहे’ असे कळवितो. मुलगा वा नातू सोबत असेल तर दुखणे अधिक, कारण ते नाव त्याच्याबरोबर घरी जाते. अशा मित्राला मेळाव्याआधी एकट्याने फोन करावा आणि ‘तुला कोणत्या नावाने हाक मारू?’ असे सरळ विचारावे. बहुधा तो आपले पाळण्यातले नाव सांगतो.