ऑफर हातात, निर्णय अधांतरी. कंपनीकडे मुदत कशी मागाल?

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा पट्ट्यात नोकरी बदलणाऱ्या अनेकांची एकाच ठिकाणी अडचण होते. ऑफर लेटर येते, ‘दोन दिवसांत कळवा’ असे सांगितले जाते आणि दुसऱ्या कंपनीची मुलाखत मात्र अजून बाकी असते. मुदत मागितली तर ऑफर जाईल, या भीतीने कोणी घाईत होकार देतो, तर कोणी फोन उचलणेच बंद करतो. खरे तर कंपनीला मुदत मागितल्याचे फारसे वाटत नाही. उमेदवार येणार की नाही आणि कधी येणार, हे कळत नाही तेव्हा ती दुसऱ्याचा विचार सुरू करते.

मुदत किती मागायची?

हा आकडा अंदाजाने ठरवू नये, तो जॉइनिंगच्या तारखेवरून काढावा. समजा, वाळूजमधल्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनीअर असलेल्या तरुणाला शेंद्र्याच्या कंपनीची ऑफर गुरुवारी मिळाली. उत्तर शनिवारपर्यंत द्यायचे आहे आणि जॉइनिंग ७० दिवसांनी आहे. सध्याच्या कंपनीचा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. चाकणच्या एका कंपनीत त्याची शेवटची मुलाखत मंगळवारी आहे.

त्याने बुधवारपर्यंत वेळ मागितला, तर गुरुवारपासून सहा दिवस जातील आणि जॉइनिंगला ६४ दिवस उरतील. बुधवारी होकार देऊन त्याच दिवशी राजीनामा दिला तरी नोटीस पूर्ण होते. म्हणजे शेंद्र्याच्या कंपनीचा एक दिवसही वाया जात नाही. हीच गोष्ट त्याने स्वतःहून सांगायला हवी.

काय सांगायचे?

ऑफर आली त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी एचआरला फोन करावा आणि लगेच मेल पाठवावा. मजकूर एवढा पुरेसा आहे: ‘ऑफरबद्दल आभार. या कामात मला रस आहे. माझी आधी ठरलेली एक मुलाखत मंगळवारी आहे. त्यामुळे बुधवारी सायंकाळी ५ वाजेपर्यंत अंतिम उत्तर देण्याची परवानगी मिळावी. जॉइनिंगच्या तारखेत बदल होणार नाही. कृपया मेलवर कळवावे.’

यात कारण एकच आहे आणि तारीखही एकच. ‘घरी विचारून सांगतो’ हे कारण खोटे नसते, पण त्याला तारीख नसेल तर एचआरला ते टाळाटाळीसारखे वाटते. दुसऱ्या कंपनीचे नाव सांगण्याची गरज नाही. मात्र, नसलेल्या ऑफरचा धाक दाखवू नये. एकाच औद्योगिक पट्ट्यातली एचआर मंडळी एकमेकांना ओळखतात.

चाकणच्या कंपनीलाही कळवावे की, हातात एक लेखी ऑफर आहे आणि उत्तर बुधवारी द्यायचे आहे. तिकडून बुधवारपर्यंत निकाल आला नाही, तर शेंद्र्याच्या ऑफरवरच निर्णय घ्यावा. दुसऱ्यांदा मुदत मागितली की रस नसल्याचा अर्थ निघतो, शिवाय हिशेबातले उरलेले चार दिवसही संपतात.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ५ नुसार होकार पोहोचण्याच्या मार्गावर जाण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो. कलम ६ नुसार दिलेली मुदत संपली की प्रस्तावही संपतो. त्यामुळे उत्तर मिळेपर्यंत शनिवारचीच मुदत खरी मानावी. बुधवार मान्य झाल्याचा मेल आला तरी ती सोय आहे, हमी नाही. होकार देण्याआधी राजीनामा देऊ नये, तो याचसाठी.

कलम ७ नुसार होकार विनाअट असावा लागतो. ‘पगार वाढवला तर येतो’ हा होकार ठरत नाही, तो नवा प्रस्ताव ठरतो. फक्त वेळ मागणे वेगळे. त्याने ऑफर नाकारली जात नाही. म्हणून पगाराची बोलणी आणि मुदतीची विनंती एकाच मेलमध्ये करू नये.

नकार आला तर?

‘बुधवार चालेल’ असा मेल आला तर प्रश्न मिटला. ‘बघू’ असे तोंडी उत्तर आले, तर त्याला मुदत समजू नये. शनिवारआधी पुन्हा विचारावे. स्पष्ट नकार आला, तर हातातली ऑफर घ्यायची की सोडायची, हे शनिवारीच ठरवावे लागेल. होकार देऊन नंतर न जाणे हा त्यावरचा मार्ग नाही. त्या होकारावर कंपनी इतर उमेदवारांना नकार कळवते.

कंपन्यांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. ७० दिवसांनी येणाऱ्या माणसाला ४८ तासांत उत्तर मागून फारसे काही हाती लागत नाही. उलट, घाईत मिळालेला होकारच जॉइनिंगच्या तोंडावर मोडतो. चार-पाच दिवस देऊन मिळालेले पक्के उत्तर त्यापेक्षा स्वस्त पडते.