कापडाची कड कुठे हरवते?

सणांचे दिवस जवळ आले की घरून साड्या, कुर्ते, परकर-पोलकी विकणाऱ्या बायकांच्या फोनवरून नव्या कपड्यांचे फोटो गावभर फिरू लागतात. त्यांतल्या कितीतरी फोटोंत कपडा मागच्या भिंतीत किंवा आभाळात मिसळून गेलेला असतो. बाही कुठे संपली, घेर किती आहे, कमरेला चुणी आहे की सरळ शिवण, काहीच उमगत नाही. मग फोटोतले रंग गडद केले जातात. त्याने भिंतही तेवढीच गडद होते, कड हरवलेलीच राहते आणि कुर्त्याचा रंग मात्र खोटा ठरतो. पार्सल उघडल्यावर गिऱ्हाईक नाराज होतं ते याच पायी. हा दोष फोटो काढल्यानंतर निघत नाही, काढण्याआधी निघतो, आणि तोही बहुतेक वेळा एक पैसा न खर्चता.

एक फिकट आकाशी रंगाचा सुती कुर्ता घ्या. मागे गच्चीवरच्या खोलीची फिकट निळी डिस्टेंपर लावलेली भिंत आहे. मुलगी भिंतीला टेकून उभी आहे. फोटो काढण्याआधी फोनच्या कॅमेऱ्यातला काळा-पांढरा फिल्टर लावून पाहावं. कुर्ता आणि भिंत दोन्ही एकाच करड्या छटेची दिसली, तर अडचण उजेड-अंधाराच्या फरकाची आहे. कडा ओळखताना आपला डोळा रंगापेक्षा या फरकावर जास्त विसंबतो. त्यात फोनवरून पाठवलेल्या फोटोची आणखी एक गोष्ट आहे. फाइल लहान व्हावी म्हणून नेहमीच्या जेपेग पद्धतीत प्रकाशाचा तपशील पूर्ण ठेवतात, पण रंगाचा तपशील बहुधा उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी निम्मा करतात. ज्या दोन गोष्टींत फक्त रंगाचा फरक आहे आणि उजळपणाचा नाही, त्यांच्यातली कड म्हणूनच आणखी पुसट होते.

आता भिंतीचं पाहू. कुर्ता भिंतीला लागून असला की दोघांवर तोच उजेड पडतो. कॅमेऱ्यात उजेड वाढवा किंवा कमी करा, दोन्ही बरोबरीनेच वाढतात आणि बरोबरीनेच उतरतात. त्यांच्यातलं प्रमाण बदलायचं तर दोघांवर वेगळा उजेड पडला पाहिजे, आणि त्यासाठी मधे अंतर हवं. मुलीला भिंतीपासून 6 ते 8 फूट पुढे आणा. ती छपराच्या कडेला, मोकळ्या उजेडात येईल आणि भिंत आत सावलीत राहील. तोच फिल्टर पुन्हा लावला की कुर्ता उजळ आणि भिंत करडी दिसते. कुर्ता आहे त्या रंगाचाच राहतो, फक्त त्याला बाह्यरेषा मिळते. भिंतीवर पडणारी मुलीची काळी सावलीही त्यामुळे चौकटीबाहेर जाते. ती सावली कुर्त्याच्या कडेला चिकटून राहिली तर घेर आहे त्याहून मोठा वाटतो.

घरात, खिडकीच्या उजेडातही हेच करता येतं. मुलगी खिडकीजवळ आणि भिंत खोलीच्या पलीकडच्या टोकाला, अशी जागा निवडावी. दिव्याचा उजेड अंतराबरोबर फार झपाट्याने उतरतो. एका छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. खिडकी मोठी असल्याने तिचा हिशोब इतका चोख बसत नाही, पण भिंत अंधारात ठेवायला तेवढं पुरतं. उजेड समोरून सरळ न घेता बाजूने घ्यावा. समोरच्या उजेडात चुण्यांच्या सावल्या पुसल्या जातात आणि कुर्ता भिंतीसारखाच सपाट दिसू लागतो.

आभाळाची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण आभाळाचा उजेड आपल्याला बदलता येत नाही. पण आभाळाचा कोणता भाग पाठीमागे घ्यायचा, ते आपल्या हातात असतं. स्वच्छ आभाळ सगळीकडे सारखं निळं नसतं. सूर्याजवळ आणि क्षितिजाजवळ ते फिकट असतं, सूर्यापासून साधारण काटकोनात सर्वांत गडद. ऑक्टोबरमध्ये सकाळी नऊच्या सुमारास सूर्य पूर्वेला, जरासा दक्षिणेकडे झुकलेला असतो. अशा वेळी उत्तरेकडे तोंड करून फोटो काढला की मागे गडद पट्टा मिळतो आणि कुर्त्यावर ऊन बाजूने पडतं. उन्हातला आकाशी कुर्ता त्या आभाळापेक्षा स्पष्ट उजळ दिसतो. कॅमेरा जरा खाली धरला की क्षितिजाचा फिका भाग चौकटीतून निघून जातो. मात्र अगदी जवळ जाऊन खालून फोटो काढू नये, नाहीतर घेर फुगलेला आणि खांदे आखडलेले दिसतात. चार पावलं मागे जाऊन दुप्पट झूम घ्यावा. मागच्या आभाळाचा पट्टाही त्याने अरुंद होतो आणि त्याच्या छटेत फार चढउतार उरत नाही.

मुलगी सावलीत असेल तर हिशोब उलटा होतो. सावलीतला कुर्ता आभाळापेक्षा कितीतरी अंधारा असतो. अशा वेळी कुर्त्यावर बोट टेकवून उजेड त्याच्यापुरता धरावा आणि आभाळ जवळजवळ पांढरं होऊ द्यावं. पांढऱ्यावर आकाशी कुर्ता चांगला उठतो. इथे फोनच आडवा येतो. त्याचं एचडीआर आभाळ खाली ओढतं आणि सावली वर उचलतं, म्हणजे निसर्गाने दिलेला फरक तेच मिटवून टाकतं. समोर पाहताना कुर्ता वेगळा दिसतो आणि फोटोत मिसळतो, तेव्हा पहिला संशय एचडीआरवर घ्यावा. ते बंद करण्याची सोय असेल तर बंद करावं. नंतर बाहीची कड मोठी करून पाहावी. तिथे सुताची वीण दिसत नसेल, नुसती पांढरी धूसर झालर दिसत असेल, तर आभाळाचा उजेड कापडावर सांडला आहे. तेव्हा उजेड थोडा उतरवून पुन्हा फोटो घ्यावा. मागचं धूसर करणाऱ्या पोर्ट्रेट मोडवर या कामात फार भिस्त ठेवू नये. कड कुठे आहे हे फोन अंदाजाने ठरवतो, आणि कपडा व पार्श्वभूमी सारख्या छटेची असली की ओढणीचे गोंडे तो भिंतीबरोबरच पुसून टाकतो.

भिंतच दुसऱ्या रंगाची घेतली तर? कड सुटते, पण तिथेही जपून. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईची जबाबदारी असलेल्या मिशेल शेव्रल या रसायनतज्ज्ञाकडे काळा रंग नीट चढत नाही अशी तक्रार आली होती. दोष रंगात नव्हता, शेजारच्या सुतांमुळे काळा तसा दिसत होता. त्यातून निघालेलं त्याचं पुस्तक 1839 साली प्रसिद्ध झालं. नारिंगी भिंतीपुढे आपला आकाशी कुर्ता प्रत्यक्षापेक्षा जास्त निळा वाटेल, कारण शेजारचा रंग डोळ्याचा अंदाज बदलतो. देखावा हवा असेल तर ती भिंत जरूर घ्यावी. विक्रीच्या फोटोसाठी मात्र सावलीतली करडी किंवा मळकट पांढरी भिंत अधिक प्रामाणिक. कुर्त्याशेजारी एक कोरा पांढरा कागद धरून एक जादा फोटो काढून ठेवावा. कागद पिवळट दिसला तर कॅमेऱ्याने निळा रंग कमी केला आहे, हे लगेच कळतं.

पांढऱ्या कपड्याला पांढऱ्या भिंतीपुढे काढायचं तर कपड्याच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळी चादर किंवा काळा पुठ्ठा उभा करावा. बाजूचा उजेड त्यात शोषला जातो आणि कपड्याच्या कडांवर एक बारीक करडी रेघ उमटते. श्रावणातल्या ढगाळ, पांढरट आभाळापुढे मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. उजेड सगळीकडून येत असतो आणि दोन पुठ्ठे त्याला अडवू शकत नाहीत. अशा दिवशी पांढऱ्या कुर्त्यामागे आभाळ घेऊच नये. कॅमेरा उंच धरून ओली फरशी किंवा खालची झाडं मागे घ्यावीत.