शिक्षेपूर्वींची शिक्षा

एखाद्या आरोपीस वरच्या न्यायालयानेंही जामीन नाकारला, अशी वार्ता आली कीं आमच्या सुशिक्षित घरांतून एक ठराविक उद्गार ऐकूं येतो: "इतक्या न्यायाधीशांनीं सोडलें नाहीं, त्या अर्थीं त्याच्या हातून कांहीं तरी घडलेंच असलें पाहिजे." हा उद्गार काढणारी मंडळी दुष्ट नसतात. न्यायासनावरील श्रद्धेमुळेंच त्या बिचाऱ्यांस असें वाटतें. परंतु ज्या खटल्यांना दहशतवादविरोधी किंवा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा लावलेला असतो, त्यांत हें अनुमान साफ चुकीचें आहे. तेथें जामीन नाकारतांना न्यायाधीश आरोपीच्या दोषाविषयीं पुष्कळदां कांहींच सांगत नसतो. सरकारनें पुढें ठेवलेले कागद वरवर पाहतां आरोपाशीं जुळतात, एवढेंच तो सांगत असतो. या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हें दाखविण्याचा आमचा उद्देश आहे.

साधारण फौजदारी कायद्यांत जामिनाच्या वेळीं न्यायाधीश मुख्यतः तीन गोष्टी पाहतो. आरोपी पळून जाईल काय? साक्षीदारांस धमकावील किंवा पुरावा नष्ट करील काय? बाहेर जाऊन पुन्हां तेंच करील काय? गुन्ह्याचें गांभीर्य आणि पुराव्याचा दिसणारा रंगही तो लक्षांत घेतो. पण आरोपी दोषी कीं निर्दोष, या मुख्य प्रश्नाचा निर्णय तो खटल्यावर सोपवितो. पोलिसांनीं गुन्ह्याच्या मानानें साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र दाखल केलें नाहीं, तर आरोपीस हक्कानें जामीन मिळतो. खास कायद्यांत ही मुदत एकशें ऐंशी दिवसांपर्यंत वाढवितां येते. तथापि खरी अडचण मुदतीची नाहीं. ती आहे जामिनाच्या अटींत.

आपल्या महाराष्ट्राचा 1999 चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, ज्यास लोक 'मोक्का' म्हणतात, तो प्रथम पाहूं. त्याच्या एकविसाव्या कलमांत असें आहे कीं, सरकारी वकिलानें विरोध केला असतां न्यायालयास दोन गोष्टी पटल्याशिवाय जामीन देतां येत नाहीं: आरोपी दोषी नाहीं असें मानण्यास सयुक्तिक कारण आहे, ही एक, आणि जामिनावर असतांना तो कोणताही गुन्हा करण्याचा संभव नाहीं, ही दुसरी. हा कायदा उगाच झाला नाहीं. खंडणीच्या टोळ्यांनीं मुंबईस किती जेरीस आणलें होतें आणि साक्षीदार कसे भीतीनें मुके होत, हें ज्यांनीं पाहिलें आहे ते या कायद्यास केवळ जुलूम म्हणणार नाहींत. आम्हीही म्हणत नाहीं. परंतु अट अक्षरशः वाचली तर तिचा अर्थ काय होतो? जी गोष्ट खटल्याच्या अखेरीस ठरावयाची, ती आरोपीनें खटला सुरू होण्यापूर्वींच, तुरुंगांत बसून, सिद्ध करावी! आणि पुढें आयुष्यांत कसलाच गुन्हा करणार नाहीं, याची हमी तर साधुसंतांनाही देतां येणार नाहीं.

ही विसंगति सर्वोच्च न्यायालयाच्या ध्यानांत आली ती एका विलक्षण प्रकरणांत. तेलगीच्या बनावट मुद्रांकांच्या भानगडींत 2003 सालीं मुंबईचे माजी पोलीस आयुक्त रणजितसिंग शर्मा यांनाच मोक्काखालीं अटक झाली. ज्या खात्याच्या हातीं हें शस्त्र दिलें, त्याच खात्याचा एके काळचा प्रमुख त्याच्या धारेखालीं आला. 2005 सालीं त्यांना जामीन देतांना न्यायालयानें त्या अटी समंजसपणें वाचल्या. आरोपी निर्दोष आहे असा निश्चित निष्कर्ष काढण्याची न्यायाधीशास गरज नाहीं; व्यापक संभाव्यता पाहून मत बनविलें म्हणजे पुरे. आणि 'कोणताही गुन्हा' याचा अर्थ या कायद्याखालील गुन्हा असा घ्यावा. नाहीं तर कोणासच जामीन मिळणें शक्य होणार नाहीं. कायद्यांतील एक अक्षरही न बदलतां त्यांतली अशक्य अट शक्य कोटींत आली.

आतां दुसरा कायदा. 1967 चा बेकायदेशीर कृत्यें प्रतिबंधक कायदा, म्हणजेच 'यूएपीए', याच्यांत मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर 2008 मध्यें जामिनाविषयीं एक नवें कलम घालण्यांत आलें. तपासाची दैनंदिनी किंवा आरोपपत्र वाचून, दहशतवादी कृत्याचा आरोप 'सकृद्दर्शनीं खरा' आहे असें मानण्यास सयुक्तिक कारण दिसलें, तर जामीन द्यावयाचा नाहीं, असें त्यांत आहे. वाचकांनीं या दोन कायद्यांचे शब्द शेजारीं शेजारीं ठेवून पाहावेत. मोक्का म्हणतो, आरोपी निर्दोष वाटला पाहिजे. यूएपीए म्हणतो, आरोप वरवर खरा वाटतां कामा नये. शब्दार्थानें पाहतां दुसरी अट पहिलीपेक्षां सौम्य आहे. मग प्रत्यक्षांत तिच्याखालीं जामीन इतका दुर्घट कां व्हावा?

याचें उत्तर कायद्याच्या वाचनांत आहे. काश्मीरमधील व्यापारी जहूर अहमद शाह वटाली यांना दिल्ली उच्च न्यायालयानें 2018 सालीं जामीन दिला होता. पुढें आलेले कागद पुराव्याच्या कसोटीस उतरत नाहींत, असें त्या न्यायालयाचें मत पडलें. एप्रिल 2019 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो जामीन रद्द केला. या टप्प्यावर पुराव्याची चिरफाड करावयाची नाहीं. कागद पुढें ग्राह्य ठरेल कीं नाहीं हें आतां पाहावयाचें नाहीं. सारें साहित्य आहे तसें, एकत्र धरून पाहावयाचें, असा दंडक त्या निकालानें घालून दिला. परिणाम काय झाला तो पाहा. आरोपपत्र लिहिणार पोलीस. त्यांत काय घालावयाचें तें ठरविणार पोलीस. आणि न्यायाधीशानें तें वाचावयाचें, पण तोलावयाचें नाहीं! बचावाचे कागद या तराजूंत सहसा पडतच नाहींत. सौम्य शब्दांची अट अशा वाचनानें कठोर झाली, आणि कठोर शब्दांची अट 2005 सालीं समंजस वाचनानें सौम्य झाली होती.

वर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांचें प्रकरण या दृष्टीनें अभ्यासण्याजोगें आहे. 31 डिसेंबर 2017 रोजीं पुण्यांत एल्गार परिषद भरली. तिच्यासंबंधींच्या खटल्यांत या दोघांना ऑगस्ट 2018 मध्यें अटक झाली. बंदी असलेल्या माओवादी पक्षाशीं त्यांचा संबंध असल्याचा आरोप होता. 2019 सालीं मुंबई उच्च न्यायालयानें जामीन नाकारला. जुलै 2023 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो दिला. या मधल्या काळांत आरोपपत्रांतला मजकूर कांहीं सौम्य झाला नव्हता. फरक पडला तो न्यायाधीशांनीं तो कसा वाचला यांत. ज्या पत्रांवर सरकारचा भर होता तीं या दोघांजवळ सांपडलेलीं नव्हतीं. दुसऱ्यांच्या संगणकांतून तीं निघालीं होतीं, आणि त्यांत तिसऱ्यांनींच यांचे उल्लेख केलेले होते. घरांत सांपडलेल्या साहित्याविषयीं न्यायालयानें म्हटलें कीं, त्यांत हिंसेचा पुरस्कार असला तरी असें साहित्य नुसतें बाळगणें हा दहशतवादी गुन्हा होत नाहीं. पुस्तकांच्या सहवासांत जन्म घालविलेल्या आमच्यासारख्यांना हें वाक्य वाचून हायसें वाटलें, हें आम्ही लपवीत नाहीं.

या निकालाचें मर्म असें कीं, आरोप सकृद्दर्शनीं खरा आहे काय हें ठरवावयाचें तर पुराव्याचें बळ निदान वरवर तरी तोललेंच पाहिजे. 2019 चा दंडक त्यानें मोडला नाहीं. त्याच्याच मर्यादेंत राहून कागद डोळसपणें वाचले. आणि सुटका झाली म्हणून शासन हतबल झालें काय? महाराष्ट्राबाहेर जाऊं नये, पारपत्र जमा करावें, एकच भ्रमणध्वनि वापरावा आणि त्याचा ठावठिकाणा तपास अधिकाऱ्यास सदैव कळत राहावा, अशा अटी घातल्या गेल्या. माणूस घरीं राहिला, तरी नजरेआड झाला नाहीं. मात्र हें जाणण्यास जवळजवळ पांच वर्षें लागलीं.

यावर कोणी म्हणेल कीं, दीर्घ विलंब झाल्यास न्यायालयें जामीन देतातच. हें खरें आहे. के. ए. नजीब यांच्या प्रकरणांत, केरळांतील एका प्राध्यापकाचा हात तोडल्याच्या खटल्यांत, तीन न्यायाधीशांच्या पीठानें फेब्रुवारी 2021 मध्यें सांगितलें कीं, जामिनाचें कलम कितीही कडक असो, खटला वाजवी काळांत संपण्याची आशा नसेल तर घटनेनें दिलेल्या स्वातंत्र्यासाठीं वरिष्ठ न्यायालयांस जामीन देतां येतो. आरोपी पांच वर्षांहून अधिक काळ कोठडींत होता आणि 276 साक्षीदार तपासावयाचे राहिले होते. निकाल थोर आहे. परंतु त्याचा आधार मिळण्यासाठीं आधीं वर्षें गमवावीं लागतात. शिवाय ती वाटही निश्चित नाहीं. फेब्रुवारी 2024 मध्यें पंजाबांतील गुरविंदर सिंग यांना सुमारें पांच वर्षांच्या कोठडीनंतरही जामीन नाकारतांना दोन न्यायाधीशांनीं म्हटलें कीं, या कायद्याखालीं तुरुंग हाच नियम आणि जामीन हा अपवाद. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें जलालुद्दीन खान यांच्या प्रकरणांत दुसऱ्या दोन न्यायाधीशांनीं म्हटलें कीं, खास कायद्यांतही जामीन हाच नियम. कायद्याची अट पुरी होते कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें. एकाच न्यायालयाच्या एका छपराखालीं, सहा महिन्यांच्या अंतरानें, नियमाचा अपवाद आणि अपवादाचा नियम होत असेल, तर आरोपीचें स्वातंत्र्य कायद्यावर अवलंबून आहे कीं प्रकरण कोणत्या पीठापुढें जाईल यावर, असा प्रश्न सामान्य माणसानें विचारला तर त्यास उद्धट म्हणतां येईल काय?

राष्ट्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतां एखादा निरपराधी कांहीं काळ अडकला तर काय बिघडलें, असें म्हणणारे आम्हांस भेटतात. त्यांस आम्ही विचारतों: खरोखरीच्या घातकी माणसाविरुद्ध भक्कम पुरावा असेल, तर तो वरवर तोलल्यानें हलका कसा होईल? तोलण्याची भीति पोकळ वस्तूलाच असते. आमची मागणी कायदा रद्द करा अशी नाहीं. 2005 सालीं मोक्का ज्या समंजसपणें वाचला, त्याच समंजसपणें यूएपीए वाचला जावा. आरोपीच्या विरुद्ध नेमका कोणता कागद आहे, तो कोणाजवळ सांपडला, त्यानें त्याचें कोणतें कृत्य सिद्ध होऊं शकतें, हे प्रश्न पहिल्याच जामीनअर्जाच्या वेळीं, पहिल्याच न्यायालयांत विचारले जावेत. पांचव्या वर्षीं दिल्लीस नव्हे.

कारण सर्वांजवळ पांच वर्षें नसतात. त्याच एल्गार खटल्यांत ऑक्टोबर 2020 मध्यें पकडलेले वृद्ध ख्रिस्ती धर्मगुरु स्टॅन स्वामी कंपवातानें आजारी होते. त्यांचा जामीनअर्ज खालच्या न्यायालयानें फेटाळला, आणि उच्च न्यायालयांत त्यावर विचार चालू असतांनाच 5 जुलै 2021 रोजीं मुंबईच्या एका रुग्णालयांत त्यांचा अंत झाला. ते दोषी होते कीं निर्दोष, हें आम्हांस ठाऊक नाहीं; आणि तें आतां कोणत्याही न्यायालयांत ठरणार नाहीं. पुढच्या वेळीं घरांत कोणी "कांहीं तरी असलेंच पाहिजे" असें म्हणालें, तर वाचकांनीं त्यास एवढेंच विचारावें कीं, तें कांहीं तरी कोणी तोलून पाहिलें आहे काय?