शब्दसूची अक्षरांच्या क्रमाने नको, पेशीतल्या कामाच्या क्रमाने हवी

माझ्या वर्गात शिकून गेलेली एक मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुस्तक इंग्रजीत. मागे ती एक वही घेऊन आली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, सगळे अक्षरक्रमाने. मी विचारलं, "ट्रान्सक्रिप्शन म्हणजे?" ती म्हणाली, "प्रतिलेखन." "आणि प्रतिलेखन म्हणजे?" ती गप्प.

एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवला, पण समज तिथंच राहिली. म्हणून माझं मत असं की मुलांची शब्दसूची पेशीत जे काम ज्या क्रमाने चालतं त्या क्रमाने असावी. दोन्ही भाषांतल्या शब्दांसोबत तिसरा रकाना हवा : काय आत जातं, काय बाहेर येतं, कुठे घडतं.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. विदर्भात सिकलसेल हा शब्द घरोघरी माहीत आहे. हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागेवर फक्त एक आम्ल बदलतं आणि हा आजार होतो. निरोगी माणसात डीएनएच्या ज्या धाग्यावरून नक्कल होते, त्यावर या जागी CTC ही तीन अक्षरं असतात.

पहिली पायरी ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे प्रतिलेखन. केंद्रकात या धाग्यासमोर एम-आरएनए तयार होतो. C समोर G, T समोर A, म्हणून CTC चं GAG झालं. अक्षरांची अक्षरंच राहिली, फक्त नक्कल उतरली. 'लेखन' हा शब्द तेच सांगतो. एक फरक मात्र आहे : आरएनएमध्ये T नसतो, A समोर U येतो.

दुसरी पायरी ट्रान्सलेशन, म्हणजे भाषांतरण. एम-आरएनए केंद्रकाबाहेर रायबोसोमवर येतो. तीन अक्षरांचा एक कोडॉन वाचला जातो आणि टी-आरएनए त्याचं अमिनो आम्ल आणून देतो. GAG साठी ग्लुटामिक आम्ल. इथे अक्षरांची भाषा संपली, आम्लांची सुरू झाली, म्हणून 'भाषांतरण'. पुढचा कोडॉन वाचायला रायबोसोम एक घर पुढे सरकतो. ते ट्रान्सलोकेशन, म्हणजे स्थानांतरण.

दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये पहिल्याच धड्यात हे तिन्ही मराठी शब्द आहेत. इंग्रजीत तिन्ही 'ट्रान्स'ने सुरू होतात, म्हणून मुलं गोंधळतात. मराठीत लिहिणं, भाषा बदलणं, जागा बदलणं असं वेगवेगळं ऐकू येतं. अर्थात मराठीतही सापळा आहे. डीएनएपासून डीएनएचीच दुसरी प्रत होते, त्या रेप्लिकेशनला आपण प्रतिकृती म्हणतो. ते 'प्रतिलेखना'च्या फार जवळचं वाटतं. तिथे तिसरा रकानाच वाचवतो : एकात बाहेर डीएनए येतो, दुसऱ्यात आरएनए.

आता म्युटेशन, म्हणजे उत्परिवर्तन. CTC मधला T जाऊन A आला, CAC झालं. त्याचा एम-आरएनए GUG, आणि GUG साठी येतं व्हॅलीन. ऑक्सिजन कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी होते.

त्या मुलीला मी वही मिटायला सांगितली आणि CAC पासून पुढे लिहायला लावलं. तिने GTG लिहिलं. म्हणजे प्रतिलेखनातला U निसटला होता. काही मुलं GUG बरोबर लिहितात, पण तिथंच थांबतात. त्यांचं भाषांतरण कच्चं आहे. चूक कोणत्या शब्दात आहे ते असं लगेच कळतं. नुसता पाठ केलेला अर्थ विचारला तर कधीच कळत नाही.

सगळ्याच शब्दांना मराठी शोधत बसू नये, असंही मला वाटतं. डीएनए, रायबोसोम, कोडॉन तसेच राहू द्या. मराठी शब्द उघडून पाहिला की काम दिसतं, तिथे तो आधी शिकवावा आणि मग इंग्रजी शब्द स्पेलिंगसकट शेजारी लिहून घ्यावा, कारण अकरावीच्या पुस्तकात तोच भेटणार आहे.

भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश शब्द शोधायला उपयोगी आहेतच, पण कोश शोधण्यासाठी असतो, शिकण्यासाठी वही लागते. त्या मुलीने आता नवी वही केली आहे. पहिल्या पानावर फक्त पाच शब्द आहेत : प्रतिकृती, प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण, उत्परिवर्तन. आणि वर मधोमध लिहिलंय, CTC.