बंगाली परिच्छेदातला ‘है’

हिंदीतून बंगालीत भाषांतर करणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण ही, की अडचण दिसतच नाही. पर्यटनाच्या पत्रकात तर नाहीच. आकर्षण, दृश्य, मनोरम, आनंद, पर्यटक हे सगळे शब्द दोन्ही भाषांच्या कोशांत आहेत. हिंदी वाक्य उचलायचं, प्रत्यय बदलायचे, लिपी बदलायची, झालं भाषांतर. एकही शब्द चुकलेला नसतो, आणि तरी कोलकात्यातला वाचक दुसऱ्या ओळीवर पत्रक मिटून ठेवतो.

उदाहरणासाठी झारखंडातलं नेतरहाट घेऊ. सरकारी पत्रकांच्या साच्यातला हा परिच्छेद मी नमुन्यादाखल रचला आहे:

‘नेतरहाट झारखंड का एक प्रसिद्ध पर्वतीय पर्यटन स्थल है, जो राँची से लगभग 155 किलोमीटर की दूरी पर स्थित है। साल के घने जंगलों से घिरा यह स्थल पर्यटकों को अपनी ओर आकर्षित करता है। ग्रीष्म ऋतु में भी यहाँ का मौसम सुहावना रहता है। पर्यटक यहाँ सूर्योदय एवं सूर्यास्त के मनोरम दृश्यों का आनंद ले सकते हैं।’

आता याचं बंगालीत नेहमी काय होतं ते पाहा. लिपी आपल्या सोयीसाठी देवनागरी ठेवतो:

‘नेतारहाट हय झाड़खण्डेर एकटि प्रसिद्ध पार्बत्य पर्यटन स्थल, या राँचि थेके प्राय 155 किलोमिटार दूरत्बे अबस्थित। घन शाल अरण्य द्वारा परिबेष्टित एइ स्थल पर्यटकदेर निजेर दिके आकर्षित करे। ग्रीष्म ऋतुतेओ एखानकार मौसम मनोरम थाके। पर्यटकरा एखाने सूर्योदय एबं सूर्यास्तेर मनोरम दृश्येर आनन्द निते पारेन।’

पहिला खडा ‘हय’. हिंदीत ‘है’शिवाय वाक्य उभं राहत नाही, मराठीतही ‘आहे’ बहुतेक लागतंच. बंगालीत अशा साध्या वर्तमानकाळी विधानात क्रियापदच नसतं. ‘नेतारहाट झाड़खण्डेर एकटा पाहाड़ि जायगा’ इथे वाक्य पूर्ण झालं. त्यात ‘हय’ घातला की वाचकाला तात्काळ कळतं, हे दुसऱ्या भाषेतून आलं आहे. पुढचा ‘या’ म्हणजे हिंदीचा ‘जो’. संबंधी सर्वनामं बंगालीतही आहेत, पण एखाद्या ठिकाणाची ओळख करून देताना बंगाली माणूस अशी लांब शेपटी जोडत नाही, सरळ दुसरं वाक्य सुरू करतो. ‘द्वारा परिबेष्टित’ तर गेल्या शतकातल्या साधू भाषेची आठवण करून देतं. प्रमथ चौधुरींनी 1914 मध्ये ‘सबुजपत्र’ काढून बोलीला जवळच्या चलित भाषेचा पुरस्कार केला आणि पुढे लिहिण्याची सर्वसाधारण भाषा तीच झाली. हिंदीतला प्रत्येक संस्कृत शब्द जसाच्या तसा ठेवणारा भाषांतरकार नकळत वाचकाला त्याच्याही मागे नेतो.

‘मौसम’ ही वेगळ्या जातीची चूक. त्याचंच भावंड असलेला बंगालीतला ‘मरशुम’ म्हणजे हंगाम, आंब्याचा किंवा लग्नाचा. हवामानाला शब्द आहे ‘आबहावा’. आणि ‘आनन्द निते पारेन’ कळतं सगळ्यांना, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण कुठे चाललोय हे सांगताना ते कुणी म्हणत नाही. मराठी पत्रकांत ‘पर्यटक येथे सूर्यास्ताचा आनंद घेऊ शकतात’ हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. तेही त्याच साच्यातून निघालेलं.

मग करायचं काय? हिंदी परिच्छेद बाजूला ठेवायचा आणि त्यातली माहिती तेवढी कागदावर उतरवायची. राँचीपासूनचं अंतर, सालाचं जंगल, उन्हाळ्यात बरी हवा, सूर्योदय, सूर्यास्त. ‘प्रसिद्ध’ आणि ‘आकर्षित करता है’ यांत माहिती नाही. ज्याच्या हातात पत्रक आहे त्याला ते सांगण्याची गरजही नाही. उरलेलं बंगालीत असं सांगता येतं:

‘राँचि थेके श’देड़ेक किलोमिटार। चारदिके घन शालबन, तारइ माझे पाहाड़ि जायगा नेतारहाट। गरमकालेओ आबहावा बेश आरामेर। भोरे सूर्योदय, बिकेले सूर्यास्त, दुटोइ देखार मतो।’

चार वाक्यं, आणि चारांत मिळून एकही क्रियापद नाही. ‘श’देड़ेक’ म्हणजे दीडशेच्या आसपास. शेवटचा ‘एक’ हा प्रत्ययच ‘लगभग’चं काम करतो. (अंतर गाडीभाड्याच्या तक्त्यात द्यायचं असेल तर मात्र 155 हा आकडाच ठेवावा.) ‘तारइ माझे’ मधला ‘इ’ आपल्या ‘च’सारखा जोर देतो. हिंदीतलं ‘से घिरा’ या दोन शब्दांत सहज बसलं. सूर्योदय आणि सूर्यास्त मी मुद्दाम तसेच ठेवले. दार्जिलिंगच्या टायगर हिलवर पहाटे जाणारा बंगालीही ‘सूर्योदय’च पाहायला जातो. संस्कृत शब्द दिसला की हाकला, हाही आततायीपणाच. साधू आणि चलित यांची अडाणी सरमिसळ झाली तर तिला बंगालीत ‘गुरुचण्डाली दोष’ म्हणतात, आणि अर्धा परिच्छेद गप्पांचा, अर्धा फाइलीतला, असा प्रकार पत्रकांत फार होतो.

मोकळेपणालाही हद्द हवी. ‘रात्री अंगावर चादर घ्यावी लागते’ असं लिहिलं तर बंगाली परिच्छेद आणखी खुलेल, पण मूळ पत्रकात ते नाही. पत्रक सरकारचं असतं, त्यातल्या माहितीला सरकार उत्तरदायी असतं. चादर घालायची असेल तर आधी विचारावं. वाक्याची घडण बदलायचा भाषांतरकाराला पूर्ण हक्क आहे, माहिती वाढवायचा नाही.

इतका आग्रह धरण्याचं आणखी एक कारण आहे. नेतरहाट ज्या लातेहार जिल्ह्यात आहे तो 2001 पर्यंत पलामूचा भाग होता, आणि पलामू बंगाली वाचकाला परका नाही. बंकिमचंद्रांचे थोरले भाऊ संजीवचंद्र चट्टोपाध्याय यांचं ‘पालामौ’ हे प्रवासवर्णन 1880 च्या सुमारास ‘बंगदर्शन’मध्ये क्रमशः आलं. सत्यजित राय यांच्या 1970 च्या ‘अरण्येर दिनरात्रि’तली तरुण मंडळी याच पलामूच्या जंगलात जातात. मधुपूर, गिरिडीह, शिमुलतला इथे ‘हावा बदल’ करायला जाण्याची कोलकात्याच्या मध्यमवर्गाची जुनी रीत होती. म्हणजे या डोंगराळ मुलखाबद्दल बोलायची बंगाली भाषा शंभर वर्षांहून जास्त काळ तयार आहे. ती वापरायची सोडून ‘पार्बत्य पर्यटन स्थल’ लिहिणं म्हणजे वाचकाला त्याच्याच ओळखीच्या जागी परकं करणं.

परिच्छेद ताठरलाय की नाही हे ओळखायचा एक खात्रीचा उपाय सांगतो. बंगाली मजकूर परत हिंदीत करायला दुसऱ्या कुणाला द्या. शब्दामागून शब्द जाऊन मूळ वाक्यच हाती आलं, तर भाषांतर झालेलं नाही. त्यानंतर हिंदी न पाहिलेल्या बंगाली माणसाला तो फोनवर वाचून दाखवा. जिथे तो ‘काय म्हणालात?’ असं विचारेल, ती ओळ पुन्हा लिहायची.

पत्रकं काढणाऱ्या खात्यांना माझी विनंती एवढीच आहे. भाषांतराचा दर शब्दांवर ठरवू नका, कारण वरच्या परिच्छेदात चांगलं काम करणाऱ्याचे शब्द वाईट काम करणाऱ्यापेक्षा कमी भरतात. आणि छपाईआधी मजकूर ऐकून घ्यायला कोलकात्यातला एक माणूस व दोन दिवस राखून ठेवा.