सोनं लिलावात गेलं, पण वरचे पैसे कुणाचे?

सेमाडोहच्या माणसाला सोनं गहाण ठेवायचं तर परतवाडा किंवा धारणी गाठावं लागतं. हप्ता थकला की नोटीस येते, आणि बहुतेक घरांत एवढंच समजतं की ‘गेलं सोनं’. कायदा मात्र असं म्हणत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७६ नुसार सावकाराने वाजवी नोटीस देऊनच तारण विकायचं, आणि कर्ज फिटून उरलेली रक्कम मालकाला परत करायची. शरीअतच्या रहनमध्येही गहाण वस्तूची मालकी गहाण ठेवणाऱ्याचीच राहते. व्याजाचा प्रश्न वेगळाच, तो इथे सोडून देऊ.

बँका आणि फायनान्स कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये नवे निर्देश काढले. ते १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करणं बंधनकारक होतं. त्यानुसार आधी कर्जदाराला, तो हयात नसेल तर वारसाला, पुरेशी नोटीस द्यायची. ‘पुरेशी’ म्हणजे किती दिवस, हे निर्देशात नाही. लिलावाआधीची मुदत करारपत्रात लिहिलेली असते. खरी गफलत इथेच होते. मजुरीसाठी माणूस बाहेर गेलेला, सिमकार्ड बदललेलं, पत्ता जुना. कर्जदार सापडलाच नाही तर जाहीर नोटीस काढून एक महिना थांबावं लागतं, पण त्यानंतर लिलाव होऊ शकतो. म्हणून नंबर बदलला की शाखेत लेखी कळवा, पोच घ्या.

लिलावाची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत हवी, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. पहिला लिलाव शाखेच्याच जिल्ह्यात, समोरासमोर व्हावा लागतो. म्हणजे परतवाड्याच्या शाखेतलं सोनं आधी अमरावती जिल्ह्यातच विकायला काढायचं. तो फसला तरच शेजारचा जिल्हा किंवा ऑनलाइन. किमान बोली त्या वेळच्या किमतीच्या ९० टक्के, दोनदा फसला तर ८५ टक्के. कर्ज देणारी संस्था स्वतः बोली लावू शकत नाही.

आता हिशेब बघा. समजा निव्वळ २० ग्रॅम सोनं, कर्ज दीड लाख. वर्षभरात व्याज १८ हजार, लिलावखर्च २ हजार, एकूण देणं १ लाख ७० हजार. भाव चढून सोन्याची किंमत २ लाख ४० हजार झाली, तर किमान बोली २ लाख १६ हजार. सोनं २ लाख २० हजाराला गेलं, तर ५० हजार तुमचे. लिलावाची पूर्ण रक्कम मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ते परत मिळायला हवेत, हिशेबासह. दागिना किती ग्रॅमचा धरला, कोणत्या भावाने गेला आणि खर्च कशाचा लावला, हे त्यात तपासा. भाव पडून कमी पैसे आले तर उरलेलं देणं मात्र तुमच्यावरच राहतं.

प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत देणं आणि झालेला खर्च भरून सोनं सोडवता येतं; कलम १७७ तसं सांगतं. नोटीस हातात पडल्यावरही वेळ गेलेली नसते, ती याचमुळे.

पैसे आले नाहीत तर आधी संस्थेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर जा. पतसंस्था आणि खासगी सावकार या निर्देशांत येत नाहीत. कलम १७६ मात्र त्यांनाही लागू आहे, आणि परवानाधारक सावकाराविरुद्ध जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते.