पुढे केलेला हात म्हणजे होकार नव्हे

महिना संपला की छोट्या संस्थांचे मासिक वृत्त व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागते. एक टेबल, त्यामागे सहा कार्यकर्ते, समोर रेशन किटची पिशवी धरलेली एक बाई. कार्यकर्ते कॅमेऱ्याकडे बघून हसत असतात आणि बाईची नजर जमिनीवर असते. खाली ओळ असते, ‘गरजू विधवा भगिनीस मदत’.

‘आम्ही विचारूनच फोटो काढतो,’ असे उत्तर मिळते. माझे भांडण नेमके या ‘विचारून’शी आहे. रांगेत तासभर उभ्या राहिलेल्या बाईला पिशवी हातात पडण्याआधी ‘एक फोटो काढू का?’ असे विचारले, तर ती नाही कसे म्हणेल? पुढच्या महिन्याच्या यादीत नाव राहील की नाही, ही धास्ती तिच्या मनात असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि विनाअट असावी असे म्हटले आहे. रांगेतला होकार यातल्या पहिल्याच अटीवर नापास होतो. आणि सदका दिल्यावर उपकार बोलून दाखवू नका, घेणाऱ्याचे मन दुखवू नका, नाहीतर दिलेले वाया जाते, ही ताकीद कुरआनच्या सूरह बकरामध्ये आहे. ती आपण शाळेत नव्हे, घरात शिकलो आहोत.

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, अजमेर जिल्हा प्रशासनाला अन्नवाटपाचे फोटो आणि सेल्फी काढण्यावर बंदी घालावी लागली होती. सरकारने हुकूम काढावा आणि मग आपण इज्जत राखावी, यात आपली कसली शोभा?

‘पण फोटो नसेल तर देणगीदार विश्वास कसा ठेवणार?’ हा प्रश्न रास्त आहे. फक्त फोटो हे त्याचे उत्तर नाही. पिशवीत काय होते, किती रुपयांचे होते, एकच माणूस दोनदा उभा केला का, हे चेहऱ्यावरून कळत नाही. समजा खापरखेड्यात एखाद्या संस्थेने ४२ किट बांधल्या आणि ४० वाटल्या. पुरावा असतो किराणा दुकानाचे बिल, बांधलेल्या किटांची मोजणी, वाटपाच्या रजिस्टरमधल्या ४० सह्या किंवा अंगठे आणि उरलेल्या दोन किटांची नोंद. हे आकडे जुळले पाहिजेत. मासिक वृत्तात बिलाचा फोटो द्या, पॅकिंग करणाऱ्या कार्यकर्त्यांचा द्या, रचून ठेवलेल्या पिशव्यांचा द्या. रजिस्टरचा मात्र देऊ नका. त्यात नावे असतात. ते हिशेब तपासणाऱ्यासाठी आहे.

तरीही माणसाचा फोटो हवाच असेल, तर क्रम उलटा करा. आधी किट द्या आणि बाईला घरी जाऊ द्या. दोन-चार दिवसांनी, यादी ठरवण्यात ज्याचा हात नाही अशा माणसाने जावे, शक्यतो बाईनेच. तिच्या भाषेत सांगावे: फोटो देणगीदारांच्या ग्रुपवर जाईल की फेसबुकवर, खाली काय लिहिले जाईल, आणि नाही म्हटले तरी किट बंद होणार नाही. काढलेला फोटो तिला दाखवावा. ग्रुप आणि फेसबुक यांची परवानगी वेगवेगळी घ्यावी. मूल अठरा वर्षांखालचे असेल तर आई-बापाची संमती लागते. शिवाय मुलालाही विचारा. वह्या वाटल्याचा फोटो वर्गात फिरतो, तेव्हा चिडवले त्यालाच जाते.

चेहरा पुसला की झाले, हा समज खापरखेड्यासारख्या गावात चालत नाही. वीज केंद्र आणि कोळसा खाणींच्या भोवती वसलेल्या या वस्तीत लोक साडीवरून, दाराच्या रंगावरून माणूस ओळखतात. त्यात ‘अमुक मोहल्ल्यातील कर्करोगग्रस्त’ असे लिहिले, तर चेहरा झाकून काय उपयोग? म्हणून ओळ तपासा: नाव, गल्ली, आजार, वैधव्य यांतले काहीही नको.

एक गोष्ट तिला आधीच खरी सांगा. दिलेली परवानगी तिला परत घेता येते आणि तसे झाल्यास तुम्ही तुमच्या पानावरून फोटो काढाल. पण ग्रुपमधून पुढे गेलेला फोटो लोकांच्या मोबाइलमधून तुम्हाला परत आणता येत नाही. हे ऐकून ती नको म्हणाली, तर तिला पहिल्यांदाच खरे विचारले गेले असे समजा.

आणि एखाद्या महिन्यात सगळ्यांनीच नकार दिला? मग वृत्तात लिहा: ‘४० घरांत किट पोहोचल्या, बिल सोबत आहे.’ एवढ्यावर जो देणगीदार रुसेल, त्याला हिशेब नको होता, दुसऱ्याची झुकलेली मान हवी होती.